दुकानातील फुटफॉल घटल्याचे एकपानी टिपण: परिस्थिती कुठे संपते आणि पेच कुठे सुरू होतो?

मधुरा_धरमपेठ

नमस्कार मंडळी. धरमपेठेतील तयार कपड्यांच्या एका दुकानाचे रोजचे व्यवस्थापन मी पाहते. लहान मुलांचे कपडे हा आमचा मुख्य माल आहे आणि त्यासोबत घरातील मोठ्यांसाठीही थोडे ठेवतो. दारावर माणसे मोजणारे यंत्र बसवलेले आहे. त्याच्या नोंदीनुसार यंदा जानेवारी ते मार्च या काळात दुकानात येणाऱ्यांची महिन्याची सरासरी ७,२०० आहे. २०२५ च्या याच तीन महिन्यांत ती ९,००० होती. शेठजींनी हा आकडा पाहिला आहे. "पुढच्या बुधवारी एका पानात लिहून आणा, त्यावरच निर्णय घेऊ," असे त्यांनी सांगितले आहे.

परिस्थिती, पेच आणि प्रश्न या क्रमाने टिपण लिहावे असे मला सुचवण्यात आले. त्याप्रमाणे केलेला पहिला मसुदा असा आहे:

*परिस्थिती: आमचे दुकान अनेक वर्षांपासून धरमपेठेत असून दर्जेदार कपड्यांसाठी ते परिचित आहे. कर्मचारी अनुभवी आहेत आणि नेहमीचा ग्राहक समाधानी आहे.*
*पेच: गेल्या तिमाहीत फुटफॉल २० टक्क्यांनी घटला आहे.*
*प्रश्न: फुटफॉल वाढवण्यासाठी चौकात जाहिरात फलक लावावा, सवलत योजना आणावी, की ऑनलाइन विक्री सुरू करावी?*

प्रत्येक वाक्य खरे आहे, तरीही तिन्ही भाग एकमेकांना धरून आहेत असे वाचताना वाटत नाही. नेमके काय बिनसले आहे, हे जाणकारांनी सांगावे.

सदर_कट्टा

मधुराताई, उन्हाळा तोंडावर आहे. नागपुरात पारा ४५ अंशांकडे जायला लागला की दुपारी बारा ते पाच कोणीही घराबाहेर पडत नाही. दाराशी मोठा कूलर लावा, थंड पाण्याचा माठ ठेवा आणि रात्री अर्धा तास उशिरापर्यंत दुकान उघडे ठेवा. आमच्या सदरच्या दुकानात या तीन गोष्टींनी चांगला फरक पडला होता.

मधुरा_धरमपेठ

@सदर_कट्टा, सूचनेबद्दल आभार, मे महिन्यासाठी ती नक्की लक्षात ठेवीन. मात्र घट जानेवारी ते मार्चमधील आहे आणि माझा प्रश्न ग्राहक कसे वाढवावेत हा नसून टिपणाची मांडणी कशी असावी हा आहे.

निखिल_प

ही मांडणी मॅकिन्झीमध्ये काम केलेल्या बार्बरा मिंटो यांनी रूढ केली आणि आमच्या व्यवस्थापनाच्या वर्गात ती पहिल्याच सत्रात शिकवतात. परिस्थिती म्हणजे जे स्थिर आहे ते, आणि पेच म्हणजे त्या स्थिरतेला धक्का देणारी घटना. फुटफॉल घटणे हाच येथे धक्का आहे, त्यामुळे तो पेचातच येतो. तेवढा भाग तुमचा बरोबर आहे. चूक फक्त प्रश्नात आहे, कारण त्यात तुम्ही तीन उत्तरे आधीच घालून ठेवली आहेत.

हिशेबी

निखिल यांचे प्रश्नाबद्दलचे निरीक्षण अचूक आहे, परंतु पेचाबद्दल मी सहमत नाही. माझी बरीच वर्षे दुकानांच्या साखळीत शाखांचे अहवाल वाचण्यात गेली आहेत आणि नेमक्या याच जागी बहुतेक टिपणे अडखळताना मी पाहिली आहेत.

कोणते वाक्य परिस्थितीत जाईल आणि कोणते पेचात, हे त्या वाक्यावरून ठरत नाही, वाचणाऱ्याला आधी काय ठाऊक आहे यावरून ठरते. जे वाचकाला माहीत आहे आणि ज्यावर तो वाद घालणार नाही, ते परिस्थितीत जाते. मधुराताई, तुमच्या शेठजींनी आकडा पाहिला आहे, आणि टिपण मागवले तेच त्या आकड्यामुळे. म्हणजे फुटफॉल २० टक्क्यांनी घटला ही आता त्यांच्यासाठी परिस्थिती झाली. तेच पेच म्हणून लिहिले, तर त्यांना पानाच्या मध्यावर येईपर्यंत नवे काहीच मिळत नाही, आणि मग फलक, सवलत, ऑनलाइन हे सारे त्यांच्या मनात आधीपासून असलेले पर्यायच पुन्हा समोर येतात. तुमचे तिन्ही भाग सुटे वाटतात त्याचे कारण हे आहे.

हेच टिपण तुम्ही बाहेरच्या एखाद्या भागीदाराला पाठवत असता, ज्याला दुकानाची काहीच खबर नाही, तर निखिल म्हणतात तसे घट पेचात गेली असती.

म्हणून आता शोधायचे ते हे: या घटीबद्दल शेठजींना अजून काय ठाऊक नाही? त्यासाठी दोन गोष्टी सांगा. त्याच तीन महिन्यांतील बिलांची संख्या आणि सरासरी बिल किती होते? आणि घट दिवसभर सारखी आहे, की विशिष्ट वारी, विशिष्ट तासांत?

इतवारीवाला

मी इतवारीत साड्यांचा व्यापार करतो. माझ्या मते फुटफॉल हा मोठ्या मॉलवाल्यांचा खेळ आहे. दुकानदाराने गल्ला पाहावा. आमच्याकडे एका लग्नाच्या बस्त्याला बारा माणसे येतात आणि बिल एकच होते. त्यात बारा जण मोजून काय मिळणार? विक्री घटली असेल तर टिपण लिहा, नाहीतर यंत्र बंद करून ठेवा.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. कोणत्या महिन्याची तुलना कोणत्या महिन्याशी करता, ते नीट पाहा. लक्ष्मीपूजन २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला होते आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला आले. सरळ महिन्याला महिना लावला तर धंदा बुडाला असे वाटेल किंवा उगाच वाढल्यासारखा दिसेल.

हिशेबी

@इतवारीवाला, सणांचा मुद्दा अगदी महत्त्वाचा आहे आणि तो तपासलाच पाहिजे. गुढीपाडवा २०२५ मध्ये ३० मार्चला होता आणि यंदा १९ मार्चला. होळी आणि ईदही दोन्ही वर्षी मार्चअखेरपर्यंत आटोपल्या. त्यामुळे एकट्या मार्चची तुलना डळमळीत ठरली असती, पण जानेवारी ते मार्च अशी पूर्ण तिमाही घेतली असल्याने मधुराताईंची तुलना टिकते. पुढच्या तिमाहीत मात्र तसे होणार नाही, कारण यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. त्या महिन्यात लग्ने नसल्याने बस्त्याची खरेदी पुढे-मागे सरकेल. शेठजींनी जूनमध्ये पुन्हा आकडे मागितले, तर हे आधीच सांगितलेले बरे.

फुटफॉल निरुपयोगी आहे, हे मात्र मला पटत नाही. गल्ला किती घटला हे सांगतो, कशामुळे घटला हे सांगत नाही. माणसे कमी आली, आलेल्यांपैकी कमी जणांनी घेतले, की घेणाऱ्यांनी कमी रकमेचे घेतले, या तीन गोष्टींवर उपाय वेगवेगळे आहेत. बारा माणसांच्या बस्त्याबद्दल तुमचे म्हणणे खरे आहे, पण दोन्ही वर्षी बस्त्याला बाराच जण येत असतील तर तुलनेला बाधा येत नाही.

यंत्रवाला

माझे काम दुकानांत मोजणी यंत्रे बसवण्याचे आहे. टिपण लिहिण्यापूर्वी एक विचारतो: दोन्ही वर्षी यंत्र तेच आणि त्याच जागी आहे का? दारात आडव्या किरणाचे यंत्र असेल तर ते आत जाणारा आणि बाहेर येणारा दोघांना मोजते. म्हणून आकड्याचे अर्धे करावे लागतात, आणि दोघे खांद्याला खांदा लावून आले तर एकच धरले जाते. वरून पाहणारा कॅमेरा हे बरेच सुधारतो. मध्येच यंत्र बदलले असेल तर घट दुकानात नसून यंत्रात असते.

दुसरे, कर्मचारी कोणत्या दाराने ये-जा करतात? सात जण दिवसातून चार वेळा पुढच्या दाराने आत आले आणि दुकान महिन्यात २६ दिवस उघडे राहिले, तर सातशेच्या वर "ग्राहक" नुसतेच वाढतात. ओळखायची सोपी खूण अशी की, दुकान उघडण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात यंत्राने किती मोजले ते पाहा. त्या वेळेत ग्राहक नसतोच.

मधुरा_धरमपेठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने विचारले म्हणून आज दुकान बंद झाल्यावर बसून आकडे काढले.

यंत्र तेच आहे, वरून पाहणारे, आणि जागाही तीच आहे. कर्मचारी मात्र पूर्वी पुढच्या दाराने चहाला जात असत आणि दिवाळीनंतर मागचे दार वापरू लागले आहेत. हा फरक आकड्यात आहे, हे मान्य करावेच लागेल. चहाच्या वेळा सकाळी अकरा आणि दुपारी चार अशा आहेत.

बिलांची महिन्याची सरासरी २०२५ मध्ये २,७०० होती, यंदा २,५२० आहे. सरासरी बिल दोन्ही वर्षी जवळपास १,५०० रुपये आहे.

आता तासांबद्दल. महिन्याला जे १,८०० लोक कमी झाले, त्यातील सुमारे १,५०० एकट्या सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी पाच ते आठ या वेळेतले आहेत. शनिवार-रविवार जवळजवळ जसाच्या तसा आहे. हे पाहिल्यावर कारण लगेच ध्यानात आले. आमच्या वरच्या मजल्यावर मुलांचा एक क्लास होता, तो डिसेंबरात दुसरीकडे गेला. मुलाला वर सोडून आया खाली आमच्या दुकानात येऊन बसत. दाराजवळच्या बाकावर पाण्याच्या बाटल्या आणि शाळेची दप्तरे रांगेने ठेवलेली असत. कोणी फ्रॉकची लेस बोटांनी चाचपून पाही, किमतीची चिठ्ठी उलटी करून वाची आणि फ्रॉक पुन्हा हँगरला लावून ठेवी. आता तो बाक संध्याकाळी रिकामा असतो.

कल्पना_वि

मी हिशेब तपासनीस आहे, म्हणून थेट रुपयांकडे येते. महिन्याची विक्री आधी साडेचाळीस लाख होती आणि आता सदतीस लाख ऐंशी हजार आहे. म्हणजे फुटफॉल २० टक्के घटला, पण विक्री सातच टक्के घटली. येणाऱ्यांपैकी खरेदी करणाऱ्यांचे प्रमाण ३० टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर गेले आहे. विक्रीतील तूट २ लाख ७० हजारांची. तुमचा ढोबळ नफा विक्रीच्या किती टक्के असतो?

मधुरा_धरमपेठ

सरासरी ३० टक्के धरता येईल.

कल्पना_वि

मग शेठजींचा खरा तोटा महिन्याला ८१ हजार रुपयांचा आहे. जाहिरात फलकाचे भाडे किती सांगितले आहे?

मधुरा_धरमपेठ

महिन्याला दीड लाख रुपये, छपाई वेगळी.

कल्पना_वि

गेलेला प्रत्येक ग्राहक परत आला तरी दीड लाख खर्चून ८१ हजार मिळतील. ही गोष्ट शेठजींना ठाऊक नाही. हिशेबी म्हणतात तो पेच मला तरी येथे दिसतो.

निखिल_प

हे उदाहरण पाहून मला माझे मत बदलावेसे वाटते. घट परिस्थितीत जावी. मग पेच असा लिहिता येईल का: "गेलेले लोक केवळ वेळ घालवणारे होते, त्यामुळे घट चिंताजनक नाही"? मग प्रश्नच उरत नाही आणि टिपण अर्ध्या पानात संपते.

हिशेबी

निखिल, तुमचा निष्कर्ष एक पायरी पुढे गेला आहे. १,८०० माणसे आणि १८० बिले कमी झाली, यावरून गेलेल्यांपैकी दहात एकच खरेदी करत होता असे म्हणण्याचा मोह होतो. पण हा निव्वळ फरक आहे. त्या आया अधिक खरेदी करत असतील आणि त्याच काळात शनिवारची बिले वाढली असतील, तरीही फरक १८० चाच दिसेल.

दुसरी गोष्ट मला अधिक खटकते. बाकावर बसणाऱ्या आया मोजे आणि रबरबँड एवढेच घेत असत्या, तर ती लहान बिले गेल्यावर उरलेल्यांची सरासरी वर सरकायला हवी होती. ती १,५०० वरच राहिली आहे. याचा अर्थ गेलेली बिलेही जवळपास तेवढ्याच रकमेची होती. लेस चाचपून फ्रॉक परत ठेवणारी आई वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात तोच फ्रॉक घेत असावी. त्यांना वेळ घालवणारे म्हणून टिपणात लिहिले आणि शेठजींनी जुनी बिले काढून दाखवली, तर संपूर्ण पानावरचा विश्वास उडेल.

मधुराताई, बिलावर वेळ छापलेली असते. सोमवार ते शुक्रवार, पाच ते आठ या वेळेतील बिले दोन्ही वर्षांची वेगळी काढता येतील का?

इतवारीवाला

या आयांच्या गोष्टीवरून आमच्या गल्लीतले आठवले. शेजारी एक दवाखाना होता, डॉक्टरांकडे नंबर लावून बायका आमच्याकडे साड्या पाहायला बसत. दवाखाना हलला तेव्हा पहिले दोन महिने आम्हाला शांत वाटले, त्रास कमी झाला असेच आम्ही म्हणत होतो. सणाला मात्र त्यांतल्या बऱ्याच जणी आल्या नाहीत. नुकसान लगेच दिसत नाही, एवढे माझे म्हणणे आहे. तीन महिन्यांच्या आकड्यांत ते पूर्ण आलेले नसेल.

सदर_कट्टा

हा मुद्दा पटला. क्लास डिसेंबरात गेला असेल, तर जून-जुलैत शाळा सुरू होतानाच्या खरेदीचा फटका अजून बसायचाच आहे.

यंत्रवाला

कर्मचाऱ्यांच्या दाराबद्दल: चहाच्या वेळा अकरा आणि चार असतील, तर पाच ते आठमधील १,५०० च्या घटीला त्यांचा धक्का लागत नाही. उरलेल्या ३०० चा मात्र भरवसा धरू नका. त्यात निम्मे-अधिक तुमचेच कर्मचारी असू शकतील. तसे असेल तर गेल्या वर्षीचे ३० टक्के हे प्रमाणही प्रत्यक्षात थोडे अधिक होते, आणि ३० वरून ३५ ही वाढ दिसते त्यापेक्षा लहान आहे. टिपणात ही टक्केवारी ठळक करून लिहू नये, असे मी सुचवतो.

मधुरा_धरमपेठ

बिले वेळेनुसार वेगळी केली. कमी झालेल्या १८० पैकी सुमारे १४० बिले सोमवार ते शुक्रवार संध्याकाळची आहेत. बाकीची आठवडाभर विखुरलेली आहेत. गेल्या वर्षी त्या वेळेतील सरासरी बिल १,४५० रुपये होते, म्हणजे हिशेबी यांचे म्हणणे खरे निघाले.

त्यावरून नवा मसुदा असा केला आहे:

*परिस्थिती: जानेवारी ते मार्च या काळात दुकानात येणाऱ्यांची संख्या गेल्या वर्षाच्या तुलनेत २० टक्क्यांनी आणि विक्री सात टक्क्यांनी घटली आहे. यावर उपाय म्हणून दीड लाख रुपये मासिक भाड्याच्या जाहिरात फलकाचा विचार चालू आहे.*

*पेच: ही घट सर्व ग्राहकांत पसरलेली नाही. कमी झालेल्या १,८०० पैकी सुमारे १,५०० लोक सोमवार ते शुक्रवार संध्याकाळचे आहेत, आणि वरच्या मजल्यावरील क्लास डिसेंबरात गेल्यापासून ते येत नाहीत. त्या वेळेत महिन्याला सुमारे १४० बिले कमी झाली असून त्यांतील ढोबळ नफा सुमारे ६१ हजार रुपये होता. चौकातील फलक रस्त्याने जाणाऱ्या सर्वांसाठी असतो, हे पालक आता या रस्त्याने येतच नाहीत, आणि फलकाचे भाडे गेलेल्या नफ्याच्या दुपटीहून अधिक आहे.*

*प्रश्न: महिन्याला ६१ हजारांपेक्षा पुष्कळ कमी खर्चात ही संध्याकाळची बिले परत मिळवावीत, की संध्याकाळचे मनुष्यबळ कमी करून तूट स्वीकारावी?*

कल्पना_वि

आकडे बरोबर आहेत. १४० गुणिले १,४५० म्हणजे २ लाख ३ हजार, आणि त्याचे ३० टक्के ६१ हजारांच्या किंचित आत येतात. दुकानाची जुनी वाक्ये गेली हे फार चांगले झाले. शेठजींना त्यांच्याच दुकानाची ओळख करून द्यायची गरज नव्हती.

निखिल_प

माझा एक आक्षेप शिल्लक आहे. प्रश्नात पुन्हा दोन उत्तरे आली आहेत. पहिल्या मसुद्यात तीन होती, आता दोन आहेत, पण दोष तोच आहे. प्रश्न "या संध्याकाळच्या घटीबाबत काय करावे?" असा मोकळा हवा.

हिशेबी

यावर मी निखिल यांच्याशी निम्मा सहमत आहे. पहिल्या मसुद्यातील तीन पर्याय पेचातून निघत नव्हते, फलक असो वा ऑनलाइन, ते कोणत्याही दुकानाला लागू पडले असते. आताचे दोन पर्याय पेचातूनच येतात आणि शेठजींना नेमका तेवढाच निर्णय घ्यायचा आहे, म्हणून ते मला चालतील. मात्र "मनुष्यबळ कमी करून" हे शब्द प्रश्नात नकोत. "तूट स्वीकारावी" एवढे पुरेसे आहे. ती कशी स्वीकारायची हा उत्तराचा भाग आहे, आणि प्रश्नात तो शब्द दिसला की शेठजी मूळ विषय सोडून कोणाला कमी करायचे यावरच बोलू लागतील.

तसेच "क्लास गेल्यापासून येत नाहीत" हे तुम्ही खात्रीने लिहिले आहे. वेळ जुळते, वार जुळतात, बाक रिकामा आहे, हे भक्कम आहे. तरी त्याच काळात जवळपास दुसरे काही बदलले का? रस्ता खोदला गेला, गाडी लावायची जागा गेली, समोर नवे दुकान उघडले, असे काही?

मधुरा_धरमपेठ

समोरच्या बाजूला फेब्रुवारीत रस्त्याचे काम सुरू झाले आणि गाड्या लावायची थोडी जागा गेली. मात्र शनिवार-रविवारची गर्दी कमी झालेली नाही.

हिशेबी

मग जानेवारी वेगळा काढून पाहा. क्लास डिसेंबरात गेला आणि काम फेब्रुवारीत सुरू झाले. जानेवारीच्या संध्याकाळीच घट पूर्ण दिसत असेल, तर कारण क्लास. जानेवारीत निम्मी आणि फेब्रुवारीपासून पुढची निम्मी असेल, तर पेचात दोन्ही कारणे लिहावी लागतील. रस्त्याचे काम संपल्यावर तो भाग आपोआप भरून येईल आणि ६१ हजारांचा आकडाही त्या प्रमाणात खाली येईल.

मधुरा_धरमपेठ

जानेवारीत त्या वेळेत सुमारे १,३०० लोक कमी होते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रत्येकी १,६०० च्या आसपास. म्हणजे बराचसा भाग क्लासचाच आहे, परंतु पूर्ण नाही. पेचातील वाक्य "बहुतांश घट क्लास गेल्यापासूनची असून फेब्रुवारीपासून रस्त्याच्या कामाचीही काही भर पडली असावी" असे करते.

इतवारीवाला

ताई, शेठजी एवढे वाचतील का? आमच्यासारखा माणूस पहिली ओळ वाचतो आणि शेवटची ओळ वाचतो. उत्तर सगळ्यात वर लिहा, "फलक लावू नये" म्हणून. बाकी खाली येऊ द्या.

कल्पना_वि

मी याच्या विरुद्ध आहे. फलकाची कल्पना शेठजींची स्वतःची असेल, तर पहिल्याच ओळीत नकार वाचून ते पान बाजूला ठेवतील. आधी त्यांना मान्य असलेले आकडे, मग त्यांना माहीत नसलेली गोष्ट, मग प्रश्न, आणि लगेच खाली उत्तर, हाच क्रम येथे योग्य आहे.

इतवारीवाला

फलकाची कल्पना कोणाची होती, तेवढे सांगा. त्यावरच सगळे अवलंबून आहे.

मधुरा_धरमपेठ

शेठजींच्या धाकट्या चिरंजीवांची आहे आणि बुधवारी तेही बैठकीला असतील.

कल्पना_वि

तर परिस्थितीतील फलकाच्या वाक्यात कोणाचेही नाव किंवा "सूचना" असा शब्द येऊ देऊ नका. "विचार चालू आहे" हे तुम्ही लिहिले आहे तेच ठेवा.

हिशेबी

क्रमाबाबत दोन्ही मते मी पाहिली आहेत आणि दोन्ही ठिकाणी यश आलेलेही पाहिले आहे. घाईत असलेल्या वाचकासाठी उत्तर वर आणता येते, पण तेव्हाही त्या उत्तरामागे हाच पेच उभा असावा लागतो. माणूस ओळखून मधुराताईंनीच ते ठरवावे.

उत्तराबद्दल एवढेच सुचवतो: इतवारीवाल्यांचा दवाखान्याचा अनुभव एका ओळीत घ्या. तीन महिन्यांच्या आकड्यांत शाळा उघडण्याची खरेदी आलेली नाही, म्हणून ६१ हजार हा आजचा आकडा आहे आणि जुलैनंतर तो पुन्हा काढावा, असे स्पष्ट लिहा.

सदर_कट्टा

त्या क्लासच्या नव्या जागेचा पत्ता कोणाकडे आहे का? तेथील पालकांपर्यंत थेट निरोप पोहोचवता आला, तर फलकाची गरजच राहणार नाही.

मधुरा_धरमपेठ

क्लास लक्ष्मीनगरला गेला आहे, आणि बिलांवर घेतलेल्या फोन क्रमांकांवरून त्यातील काही पालक ओळखता येतील, असे आमच्या बिलिंगवरील मुलीचे म्हणणे आहे. किती जण सापडतात हे उद्या पाहते, कारण ते वीसच निघाले तर उत्तर वेगळे लिहावे लागेल. पान सोमवारी पूर्ण करून येथे टाकते. तोपर्यंत पेचातील रस्त्याच्या कामाचे वाक्य कोणाला अधिक नेमके सुचले तर जरूर लिहा.

यंत्रवाला

"फेब्रुवारीपासून त्याच वेळेत आणखी सुमारे ३०० लोक कमी झाले, त्याच महिन्यात समोर रस्त्याचे काम सुरू झाले." एवढेच लिहा. कारण आहे असे म्हणू नका, दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा, शेठजी त्या रस्त्याने रोज येतात.